शॉवरचा पडदा आत का येतो: आठवीच्या वर्गासाठी दहा मिनिटं

प्रश्न: सर, मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान दिनाला आठवी-नववीच्या मुलांपुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. शॉवर सुरू केला की पडदा बाहेर न जाता आत का येतो, हा विषय मिळालाय. आमच्या निम्म्या मुलांनी असा पडदा पाहिलेलाही नाही. सगळीकडे "बर्नोलीचं तत्त्व" एवढंच उत्तर सापडतं. तेवढं सांगून चालेल का? आणि वर्गात काही करून दाखवता येईल का?

उत्तर:

मॅडम, तेवढं सांगून वेळ निघून जाईल, पण एखादं चौकस पोर तुम्हाला अडवेल. मला अडवलं होतं, म्हणून सांगतो. चोपड्याकडच्या एका शाळेत मी असाच पाहुणा म्हणून गेलो होतो. फळ्यावर लिहिलं: हवेचा वेग वाढला की दाब कमी होतो, आत हवा पळते, बाहेर स्थिर असते, म्हणून पडदा आत. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वहीचं पान फाडलं, दोन बोटांत उभं लोंबतं धरलं आणि त्याच्या एका बाजूने सरळ खाली फुंकर मारली. पान हललं, फडफडलं, पण फुंकरीकडे काही ओढलं गेलं नाही. मग तो म्हणाला, "सर, मंग पडदा मझार कसाले येस?" वर्ग हसला. माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

त्या पोराचं बरोबर होतं. तोंडातून सुटलेल्या फुंकरीतली हवा पळत असते खरी, पण तिचा दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. बर्नोलीचं तत्त्व एकाच प्रवाहात पुढे जाणाऱ्या हवेबद्दल आहे: ती हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिथे तिचा दाब उतरतो. वळवाच्या वादळात छपरावरचे पत्रे उडतात तिथे हे बऱ्यापैकी लागू पडतं, कारण समोरून आलेला तोच वारा छपरावरून जाताना वेग घेतो. न्हाणीघरात तसं नाही. पडद्याबाहेरची हवा आणि फवाऱ्यातली हवा हा एकच प्रवाह नाही. फवाऱ्यातल्या हवेला वेग दिला तो पाण्याने, बाहेरून ढकलून. दोन वेगळ्या हवांची तुलना करून "ही पळते म्हणून हिचा दाब कमी" असं म्हणायचा परवाना ते तत्त्व देत नाही. वरून फुंकलं की पुढे झुकलेली कागदाची पट्टी वर उचलली जाते, हा प्रयोग तुम्ही करत असाल. तिथे पट्टी वाकलेली असते आणि हवा त्या वाकणाला धरून वळते, म्हणून ते घडतं. हवेच्या वळण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता बोलायचं काय? माझा सल्ला असा की सगळं भाषण एका वाक्याभोवती गुंफा: हवा कधी ओढत नाही, ती फक्त ढकलते. पडद्याला आतून कुणी खेचत नाही. दोन्ही बाजूंनी हवा त्याला रेटत असते, आणि आतल्या बाजूचा रेटा किंचित कमी पडतो, म्हणून बाहेरची हवा त्याला आत लोटते. मुलांना हे पटलं की उरलेला प्रश्न सोपा होतो: आतला रेटा कमी का पडला?

पण त्याआधी "किंचित" म्हणजे किती ते सांगाच. आठवीच्या मुलांना हे गणित जमतं, आणि सगळ्यात जास्त डोळे तिथेच विस्फारतात. एक नेहमीचा पडदा धरा, १.८ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. क्षेत्रफळ झालं सव्वातीन चौरस मीटर. पातळ प्लॅस्टिकचा असेल तर वजन समजा ४०० ग्रॅम. त्याची खालची कड १८ सेंटीमीटर आत आली, म्हणजे उंचीच्या एक दशांश. लोंबत्या वस्तूला तिच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतकं बाजूला सारायचं तर, रेटा सगळीकडे सारखा लागत असताना, वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका जोर लागतो. झोक्यावर बसलेल्या भावंडाला थोडंसं बाजूला धरून ठेवायला फारसा जोर लागत नाही, तसंच. म्हणजे लागला ४० ग्रॅम वजनाइतका जोर, आणि तो सव्वातीन चौरस मीटरवर वाटला गेला. दर चौरस मीटरला आले १२ ग्रॅम.

आता दुसरी बाजू सांगा. वातावरणाची हवा दर चौरस मीटरवर साधारण दहा हजार किलो वजनाइतका रेटा देते. दहा हजार किलोत १२ ग्रॅमचा फरक म्हणजे आठ लाखांत एक. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो असतं, तेव्हा १२ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा हवेचा थर. जमिनीपासून एक सेंटीमीटर वर गेलं की हवेचा दाब जेवढा उतरतो, तेवढाच फरक पडद्याच्या दोन बाजूंना हवा आहे. मुलांना बोटाच्या एका पेराने तो दाखवा. इतक्या बारीक फरकाने पडदा हलत असेल तर कारण फार मोठं असायची गरज नाही, आणि कारणं एकाहून जास्त असू शकतात, हे दोन्ही त्यातून आपोआप निघतं.

ज्या मुलांनी पडदा पाहिलेला नाही त्यांची काळजी करू नका. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या पोराला पडदा दाखवायचाच आहे, तर तो तुम्हीच टांगा. मी जे करतो ते सांगतो.

खोलीचा एक कोपरा निवडा, दोन बाजूंना भिंत असलेला. तिसऱ्या बाजूला कपाट किंवा उभं केलेलं बाक लावा. चौथी बाजू उघडी, तिथे दोरी बांधून पॉलिथिन टांगायचं. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारं पातळ पॉलिथिन घ्या, एक मीटर रुंद, दीड मीटर लांब. ताडपत्री किंवा खताच्या गोणीचं जाड प्लॅस्टिक घेऊ नका, ते स्वतःच्या ताठपणाने उभं राहतं. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर राहू द्या. घड्या पडलेल्या असतील तर आदल्या दिवशीच टांगून ठेवा, म्हणजे सरळ होतं. त्याच दुकानातून प्लॅस्टिकचा साधा शॉवर आणा आणि तो अर्धा इंची नळीने गच्चीवरच्या टाकीला जोडा. एका उंच मुलाला बाकावर उभं करून शॉवर कोपऱ्याच्या मध्यावर, तोंड सरळ खाली धरायला लावा. नळी पोचत नसेल तर बागेची झारीही चालते, मात्र परिणाम मंद दिसतो आणि भरून ठेवलेल्या दोन-तीन झाऱ्या लागतात. खाली मोठा टब ठेवा. तीन मिनिटांत पंचवीस-तीस लिटर पाणी जातं, ते नंतर झाडांना घाला. आपल्याकडे फेब्रुवारीपासूनच टँकरची भाषा सुरू होते, मुलांसमोर पाणी गटारात सोडणं बरं दिसत नाही.

सुरू करण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद. हे मी दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळा पडदा पंख्याच्या वाऱ्याने नाचला. फरशीवर पडद्याच्या खालच्या कडेखाली खडूची रेघ मारा आणि आतल्या बाजूला दर पाच सेंटीमीटरवर आणखी रेघा. पडदा "आला, आला" असं सगळी मुलं ओरडतात, पण किती आला ते रेघेवरच कळतं. कोरड्या हवेत पॉलिथिनवर स्थिर विद्युत भार साठतो आणि ते हाताला, भिंतीला चिकटायला बघतं. तेव्हा आधी ओलसर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर हुशार पोरं म्हणतील की हा तर कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचाच प्रकार आहे. आणि पाण्याचे थेंब पडद्यावर उडता कामा नयेत. थेंब आदळले तर ते पडद्याला बाहेर ढकलतात आणि ओला पडदा जड होतो. फवारा पडद्यापासून दोन वीत आत ठेवा.

आता पाणी सोडा. साधं, टाकीतलं. पाच-दहा सेकंदांत खालची कड आत सरकायला लागते आणि मग तिथेच थोडी थरथरत राहते. पाणी बंद केलं की परत जागेवर.

इथे थांबून मुलांना अंदाज विचारा. कुणीतरी नक्की म्हणेल, गरम पाण्यामुळे. हा अंदाज खोडून काढू नका, तो अर्धा खरा आहे. थंडीत बंबातलं कढत पाणी घेऊन आंघोळ करताना न्हाणीघरातली हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा शिरते. चुलीच्या धुराड्याचं तेच काम. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर ती साधारण तीन टक्क्यांनी हलकी होते. दोन मीटर उंचीच्या हवेच्या स्तंभात तो फरक दर चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम भरतो. आपल्याला हवे होते १२. म्हणजे नुसती उष्णताही तळाशी पडद्याला आत लोटायला पुरेशी आहे, पडद्यामागची सगळी जागा गरम हवेने भरली असेल तर. पण आत्ता तुम्ही सोडलेलं पाणी गरम नव्हतं, तरी पडदा आला. उष्णता मदत करते, पण तिच्याशिवायही काहीतरी चाललंय.

इथे एक गोष्ट सांगतो, ती आपल्या भागातच करायला सोपी आहे. मे महिन्यात दुपारी खोलीतली हवा चाळिशीच्या पुढे असते. तेव्हा मी माठातलं पाणी झारीत भरून हाच प्रयोग केला. कूलरमध्ये होतं तेच इथेही झालं: थेंबांभोवतीची कोरडी हवा गार पडली. गार हवा जड, ती खाली बसते आणि पडद्याखालून बाहेर वाहते. उष्णतेचं कारण एकटंच खरं असतं तर पडदा बाहेर जायला हवा होता. तो आतच आला, फक्त थंडीत आला होता तितका नाही. दोन कारणं एकमेकांविरुद्ध लावली आणि कोण जिंकतं ते दिसलं. फेब्रुवारीत तुम्हाला हे जमणार नाही, पण मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी करायला सांगता येईल.

मग ते दुसरं कारण कोणतं? पुन्हा पाण्याकडे या, आणि आता शॉवर काढून टाका. नुसती नळी धरा, तितकंच पाणी, तितक्याच उंचीवरून, एका धारेने टबात पडू द्या. पडदा जवळजवळ हलत नाही. माझ्या मते सगळ्या भाषणाचं मर्म या एका मिनिटात आहे. पाणी तेवढंच, टाकीही तीच. बदललं ते एवढंच की धारेचे थेंब झाले.

थेंबांचं गणितही करून दाखवा. एक लिटर पाण्याचे दोन मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर ते सुमारे दोन लाख चाळीस हजार होतात, आणि त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून तीन चौरस मीटर. त्याच एक लिटरची एक सेंटीमीटर जाड धार केली तर पृष्ठभाग भरतो जेमतेम ०.४ चौरस मीटर. पाणी हवेला घासतं ते पृष्ठभागानेच. म्हणून फवारा हवेला जितका धरतो तितकी धार धरू शकत नाही. त्यात प्रत्येक थेंबाभोवती हवा सगळ्या बाजूंनी असते, तर धारेला फक्त बाहेरची कड.

थेंब हवेतून खाली येतो तेव्हा हवा त्याला अडवते. न्यूटनचा तिसरा नियम नववीला आहेच, त्यामुळे थेंबही हवेला तितक्याच जोराने खाली ढकलतो. किती? शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटर पाणी येत असेल तर सेकंदाला दीडशे मिलिलिटर. थेंबाला खाली पोचायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे कोणत्याही क्षणी हवेत सुमारे ५० ग्रॅम पाणी तरंगतंय असं समजा. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-साडेसहा मीटरच्या वेगाला पोचला की त्याचा वेग आणखी वाढत नाही, कारण त्याचं सगळं वजन हवाच तोलते. अशा थेंबांचं वजन हवेवर पडतं आणि ती खाली जाऊ लागते. शॉवरमधून सुटतानाच थेंबाला पाच-सहा मीटरचा वेग असतो, त्यामुळे बरेचसे थेंब या अवस्थेच्या जवळच असतात. वजन फार नाही, मूठभर शेंगदाण्यांचं, पण हवेला ते पुरतं.

हे डोळ्यांनी दाखवायला उदबत्ती आणा. एक मुलगी उदबत्ती फवाऱ्यापासून वीतभर अंतरावर, कमरेच्या उंचीला धरेल. एरवी सरळ वर जाणारा धूर फवाऱ्याकडे वळतो आणि त्याच्याबरोबर खाली उतरतो. उदबत्ती तिथेच हळूहळू खाली न्या. जमिनीजवळ आली की धूर उलटा, फवाऱ्यापासून लांब पळतो. आता तीच उदबत्ती भिंतीजवळ धरा. तिथे धूर वर चढताना दिसेल, उदबत्तीचा धूर एरवी चढतो त्याहून जलद. एक गोल पूर्ण झाला: मधून खाली, जमिनीवरून बाजूला, भिंतीने वर, आणि वरून पुन्हा मध्ये. मुलांना हा गोल हवेत बोटाने काढायला सांगा. उदबत्तीऐवजी कागद पेटवून धूर करायचा मोह टाळा. गरम धुराचा स्वतःचाच जोर इतका असतो की फवाऱ्याचं काम दिसतच नाही.

या गोलातून दाब दोन रीतींनी उतरतो. पहिली समजायला सोपी आहे. फवारा आपल्या बाजूची हवा सतत गिळतोय. पडदा आणि फवारा यांच्यामध्ये हवेची जी अरुंद पट्टी आहे, तिथून हवा जाते, आणि तिची भरपाई वरच्या आणि खालच्या फटीतून व्हावी लागते. भरपाई थोडी मागे पडते, तितका दाब उतरतो. पडदा जितका फवाऱ्याजवळ, तितकी ही ओढाताण जास्त. म्हणून पडदा एकदा आत यायला लागला की पुढचं अंतर पटकन कापतो.

दुसरी रीत म्हणजे हवेचं वळणं. गोल फिरणाऱ्या कोणत्याही गोष्टीला मध्याकडे ढकलणारा जोर लागतो, नाहीतर ती सरळ निघून जाईल. गोफण फिरवताना हा जोर दोरी देते. फिरत्या हवेला दोरी नाही, तेव्हा तो जोर दाबाच्या फरकातूनच यावा लागतो: कडेला दाब जास्त, मध्ये कमी. स्टीलऐवजी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमच्याने जोरात ढवळा. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो आणि कडेला चढतो. मध्ये पाण्याची उंची कमी, म्हणजे तिथे तळाशी दाब कमी. पहिल्या बाकापर्यंतच नीट दिसतं, पेला मागे फिरवा.

आणि मग वावटळ. खान्देशातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात, एप्रिल-मेच्या दुपारी, धुळीचा खांब गरगरत जातो आणि पाचोळा त्याच्या पोटात शिरतो. वावटळीच्या मध्ये दाब कमी असतो, म्हणून बाजूची हवा आणि कचरा आत लोटला जातो. आता ती वावटळ मनातल्या मनात आडवी करा, अगदी अशक्त करा, आणि तिचं एक टोक पडद्याला टेकवा. कमी दाबाचा मध्य पडद्यासमोर आला की पडदा तिकडे लोटला जाणारच.

हे आडव्या वावटळीचं चित्र माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेव्हिड श्मिट नावाचे प्राध्यापक आहेत. थेंबांचे फवारे कसे वागतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी २००१ मध्ये संगणकावर एक न्हाणीघर मांडलं: टब, शॉवर, पडद्याचा दांडा आणि बाहेरची खोली, सगळी जागा ५० हजार लहान कप्प्यांत वाटून. घरच्या संगणकावर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, असं दोन आठवडे गणित चालवलं. त्यातून निघाली फक्त ३० सेकंदांची आंघोळ. पण त्या ३० सेकंदांत त्यांना ही आडवी वावटळ दिसली, अक्ष पडद्याला काटकोनात आणि मध्ये दाब कमी. फवारा तिला सतत फिरवत ठेवतो, म्हणून ती रानातल्या वावटळीसारखी विरून जात नाही. यासाठी त्यांना त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते. पारितोषिकाच्या शब्दांतच त्याला "अंशतः उकल" म्हटलेलं आहे, हेही मुलांना सांगा. मुलं विचारतील की कोणतं कारण खरं. गार पाण्यात फवाऱ्याने ओढलेली आणि फिरवलेली हवा, कढत पाण्यात त्याच्या जोडीला उष्णता. कुणाचा वाटा किती ते न्हाणीघराच्या आकारावर, फटींवर आणि पाण्यावर ठरतं. यापेक्षा नेमकं उत्तर तुम्ही वर्गात द्यायला जाऊ नका.

वेळेचं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं पडदा टांगून साधं पाणी, दोन मिनिटं १२ ग्रॅमचं गणित, एक मिनिट धार, तीन मिनिटं उदबत्ती आणि पेला, उरलेल्यात वावटळ. थेंबांच्या पृष्ठभागाचं गणित नववीच्याच वर्गात घ्या, आठवीला दोन लाख चाळीस हजार हा आकडा ऐकवला की पुरे. बर्नोलीचं नाव तुम्ही काढू नका. कुणी काढलं तर त्याला वहीचं पान लोंबतं धरून फुंकायला लावा आणि त्याचं त्यालाच बघू द्या.

शेवटी एक प्रश्न नेमका येतो, आणि तो बहुधा ज्याच्या घरी शॉवर आहे त्याच मुलाचा असतो: पडदा आत येतो ते समजलं, पण अंगाला चिकटून बसतो तो का? ते काम दाबाचं नाही. ओल्या प्लॅस्टिकमध्ये आणि ओल्या कातडीत पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो, आणि पाण्याचा पृष्ठताण दोघांना सोडत नाही. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून ओढून दाखवा. घरी त्रास होत असेल तर पडद्याची खालची कड ओली करून टबाच्या किंवा ओट्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायची, म्हणजे तोच पृष्ठताण कामाला येतो. नाहीतर खालच्या कडेला वजन शिवायचं. किती, ते मुलांनाच काढू द्या. आधीचं गणित हाताशी आहे: चारशे ग्रॅमच्या पडद्याला एक दशांश आत यायला चाळीस ग्रॅमचा जोर लागतो. वजन खालच्या कडेला असलं की दोरीपासून त्याचं अंतर पडद्याच्या मध्यापेक्षा दुप्पट असतं, म्हणून ते दुप्पट वजनाचं काम करतं. दोनशे ग्रॅम तळाशी शिवले तर पडद्याला आत यायला तेवढ्याच रेट्यात पहिल्याच्या निम्मं अंतर मिळेल. आमच्याकडे एका मुलाने सायकलची जुनी साखळी शिवून हे करून पाहिलं. पडदा आला, पण खडूच्या दुसऱ्या रेघेच्या पुढे नाही.